चालती जिनिंग एकरकमी विकावी की जमीन, इमारत, यंत्रे वेगवेगळी? कराचा हिशेब हवा आहे

चोपडेकर_जिनिंग

चोपडा तालुक्यात आम्हा दोघा भावांची भागीदारीत जिनिंग-प्रेसिंग आहे. जमीन १९९६ साली घेतली आणि १९९८ च्या हंगामापासून गिरणी अखंड चालू आहे. पुढची पिढी पुण्यात स्थिरावल्यामुळे आम्ही ती विकायचे ठरवले आहे. जळगावचे एक खरेदीदार दोन पर्याय देत आहेत. पहिल्यात ते गिरणी जशी आहे तशी, देणी-घेणी आणि कामगारांसकट घेतील व आम्हाला २ कोटी ६० लाख रुपये देतील. दुसऱ्यात जमीन १५० लाख, इमारती ४० लाख, यंत्रे ७० लाख आणि रुई-सरकीचा साठा ३० लाख अशा वेगवेगळ्या किमतींना घेतील. त्यात २० लाखांची येणी आम्ही वसूल करायची आणि बँक व व्यापाऱ्यांचे ५० लाखांचे देणेही आम्हीच फेडायचे. दोन्हीकडून हातात येणारी रक्कम सारखीच, २ कोटी ६० लाख.

पुस्तकातले आकडे असे आहेत: जमीन ४ लाख, इमारतींची घसारा वजा जाता किंमत १६ लाख, यंत्रांची ४० लाख, साठा ३० लाख, येणी २० लाख. रेडी रेकनरप्रमाणे जमीन आणि इमारती मिळून १९० लाख होतात. रक्कम सारखी असेल तर करही सारखाच लागेल, असे माझे धाकटे बंधू म्हणतात. मला तसे वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरणाकाठ

दादा, एकरकमी विक्रीच करा. पन्नास-बी कलमाखाली सगळी गिरणी हीच एक मालमत्ता धरली जाते, त्यामुळे नफा दीर्घमुदती ठरतो आणि त्यावर साडेबारा टक्के कर लागतो. शिवाय जमीन जुनी असल्यामुळे तिची १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येईल, म्हणजे नफा आणखी कमी होईल. जीएसटी तर शून्य आहे, त्यामुळे त्या बाजूला काहीच करायचे नाही. आमच्या पाचोऱ्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने असेच केले.

सुलभाताई_धुळे

गिरणाकाठ यांचे पहिले वाक्य बरोबर आहे. पुढच्या दोन गोष्टींमध्ये मात्र दुरुस्ती हवी, कारण त्यांवर विसंबून कोणी करार केला तर नुकसान होईल. मी धुळ्यात बरीच वर्षे करसल्लागार म्हणून काम करते. खाली कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने, त्यानंतरच्या व्यवहारासाठी कलमे आणि फॉर्म यांचे नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

आधी २००१ ची किंमत. एकरकमी विक्रीत जमिनीची वेगळी खरेदी-किंमत धरली जातच नाही. साऱ्या उद्योगाची नेटवर्थ हीच खरेदी-किंमत मानली जाते. ती काढताना घसारा लागणारी मालमत्ता आयकराच्या डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे घसारा वजा जाता उरलेल्या किमतीने, आणि बाकीची पुस्तकी किमतीने घ्यायची असते. कोणी पुनर्मूल्यांकन करून जमीन वाढवली असेल तर ती वाढ सोडून द्यावी लागते. चोपडेकरांची १९९६ ची जमीन त्यामुळे चार लाखांवरच राहील. महागाई निर्देशांकाचा लाभ या कलमात पूर्वीही नव्हता.

आता हिशेब. मालमत्ता ४ + १६ + ४० + ३० + २० म्हणजे ११० लाख, त्यातून देणी ५० लाख वजा केली की नेटवर्थ ६० लाख. किंमत २६० लाख असल्यामुळे नफा २०० लाख. भागीदारी संस्थेवर साडेबारा टक्क्यांनी २५ लाख कर, उत्पन्न एक कोटीच्या वर जात असल्याने १२ टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून एकूण २९ लाख १२ हजार. त्या वर्षी गिरणीचे दुसरे उत्पन्न नाही असे मी येथे धरले आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक चाळणी लागते. करारातली किंमत कितीही असो, नियम ११यूएई प्रमाणे काढलेले मूल्य त्याहून जास्त निघाले तर तेच विक्रीमूल्य समजले जाते. तुमच्याकडे जमीन-इमारत रेकनरच्या दराने १९० लाख, बाकी मालमत्ता पुस्तकी दराने ९० लाख, वजा देणी ५० लाख, म्हणजे २३० लाख होतात. प्रत्यक्ष किंमत २६० लाख असल्याने तुम्ही सुरक्षित आहात. सौदा दोन कोटींवर आला असता, तर न मिळालेल्या तीस लाखांवरही कर भरावा लागला असता.

चोपडेकर_जिनिंग

ताई, मनापासून आभार. वेगवेगळे विकले तर हाच हिशेब कसा दिसेल?

सुलभाताई_धुळे

जमिनीपासून सुरुवात करते. तेथे २००१ ची किंमत घेता येते, फक्त ती त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. ती दहा लाख निघाली असे समजू. १५० मधून १० वजा जाता १४० लाख दीर्घमुदती नफा, त्यावर साडेबारा टक्क्यांनी १७ लाख ५० हजार कर. निर्देशांक लावून वीस टक्के भरण्याची सवलत व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, भागीदारी संस्थेला नाही.

खरा फरक इमारती आणि यंत्रांत पडतो. घसारा घेतलेल्या मालमत्तेचा ब्लॉक संपूर्ण विकला गेला की कलम ५० प्रमाणे नफा अल्पमुदती मानला जातो, मग ते यंत्र तुमच्याकडे पंचवीस वर्षे का असेना. इमारतींवर ४० वजा १६ म्हणजे २४ लाख आणि यंत्रांवर ७० वजा ४० म्हणजे ३० लाख, असा ५४ लाखांचा नफा ३० टक्क्यांच्या दरात जातो. त्याचा कर १६ लाख २० हजार. साठा पुस्तकी किमतीला जात असल्यामुळे त्यावर नफा नाही. जास्त भावाने गेला असता तर तो सरळ धंद्याचा नफा ठरून ३० टक्क्यांत आला असता. एकूण ३३ लाख ७० हजार, अधिभार-उपकरासह सुमारे ३९ लाख २५ हजार.

म्हणजे खिशात येणारी रक्कम सारखी असूनही करात सव्वादहा लाखांच्या आसपास फरक आहे. तुमच्या बंधूंना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

पारोळ्याचा_शरद

माझा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. आमच्या भागीदारीतून मी बाहेर पडतो आहे आणि उरलेले दोन भागीदार मला माझ्या हिश्श्याचे ३५ लाख देणार आहेत. म्हणजे मी चालू धंद्यातला माझा वाटा विकतो आहे. मला साडेबारा टक्के लागतील ना?

सुलभाताई_धुळे

शरदभाऊ, तुमचा विषय निराळा आहे. धंदा तुमच्या संस्थेच्याच ताब्यात राहतो आणि तुम्ही फक्त निवृत्त होता, त्यामुळे पन्नास-बी येथे येत नाही. त्यासाठी कलम ४५(४) आणि ९बी आहेत. कराचा भार कोणावर येतो हे तुम्हाला रोख मिळते की एखादी मालमत्ता मिळते, आणि तुमच्या भांडवली खात्यात किती शिल्लक आहे, यावर अवलंबून आहे. कृपया वेगळा धागा उघडा, तेथे सविस्तर लिहीन.

वैजयंती_अमळनेर

मी एका तेलगिरणीत हिशेब पाहते, म्हणून जीएसटीबद्दल लिहिते. चालू व्यवसाय संपूर्ण किंवा त्याचा स्वतंत्र भाग हस्तांतरित करणे ही सेवा २०१७ च्या १२ क्रमांकाच्या अधिसूचनेप्रमाणे करमुक्त आहे, हे खरे. पण काहीच करायचे नाही हे बरोबर नाही. चोपडेकरांच्या खात्यात शिल्लक इनपुट क्रेडिट असेल तर ते आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. पोर्टलवर आयटीसी-०२ फॉर्म भरावा लागतो, देणी हस्तांतरित करण्याची तरतूद करारात आहे असे सीएचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि खरेदीदाराने तो फॉर्म स्वीकारावा लागतो. मी पाहिलेल्या एका प्रकरणात विक्रेत्याने आधी नोंदणी रद्द करून घेतली आणि नंतर फॉर्म भरायला गेला. तोपर्यंत लॉगिनच चालत नव्हते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे: आधी आयटीसी-०२, मग नोंदणी रद्द.

वेगवेगळ्या विक्रीत जमीन आणि पूर्ण झालेली इमारत जीएसटीच्या बाहेर असते, पण यंत्रांवर १८ टक्के म्हणजे १२ लाख ६० हजार लागतील. साठ्यातल्या रुईवर ५ टक्के लागेलच. हा पैसा खरेदीदार देतो आणि त्याला क्रेडिट मिळते, म्हणून विक्रेत्याने चिंता का करावी, असे अनेकांना वाटते. जिनिंगच्या बाबतीत ते पुरेसे नाही.

गिरणाकाठ

वैजयंतीताई, क्रेडिट मिळते तर खरेदीदाराचे नुकसान कसे?

वैजयंती_अमळनेर

क्रेडिट मिळते, पण ते वापरले जायला फार वेळ लागतो. शेतकऱ्याकडून कापूस घेताना जिनिंगवाल्याला रिव्हर्स चार्जने ५ टक्के कर रोखीनेच भरावा लागतो. तो क्रेडिटमधून भरता येत नाही. तो भरला की त्याचे पुन्हा क्रेडिट मिळते. रुई विकताना लागणारा ५ टक्के कर बहुतांशी त्यातूनच भागतो. उरतो तो फक्त जिनिंगच्या वाढीव मूल्यावरचा थोडासा कर. यंत्रांचे साडेबारा लाख त्या फटीतून हंगामामागून हंगाम हळूहळू जिरतात, आणि भांडवली वस्तूंच्या क्रेडिटचा परतावाही मिळत नाही. तोपर्यंत त्या रकमेचे व्याज खरेदीदाराच्या अंगावर. हिशेब जाणणारा खरेदीदार यंत्रांच्या भावातूनच ते वसूल करायला बघेल, आणि चोपडेकरदादांना ७० चे ६२ झाले तर ते का झाले हे कळणारही नाही.

तापीकाठचा_विनायक

सुलभाताईंच्या हिशेबात एक बाजू राहिली आहे, असे मला वाटते. वेगवेगळे विकले तर जमीन आणि इमारतीच्या दीर्घमुदती नफ्यावर ५४ईसी चे रोखे घेऊन सवलत मिळते. सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. २०१८ पासून ही सवलत फक्त जमीन-इमारतीच्या नफ्यालाच आहे. एकरकमी विक्रीत विकला जातो तो उद्योग, मग ती मिळेल का?

सुलभाताई_धुळे

विनायकभाऊ, हा मुद्दा तुम्ही काढलात हे फार चांगले झाले. तो आल्यावर वरचे चित्र बरेच बदलते, म्हणून सावकाश लिहिते.

वेगवेगळ्या विक्रीत ५० लाखांचे रोखे घेतले आणि सगळे जमिनीच्या नफ्यासमोर धरले, तर मूळ करात सव्वासहा लाखांची बचत होते आणि एकूण कर सुमारे ३२ लाखांवर येतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली एस बिल्डर्सच्या निकालात म्हटले आहे की कलम ५० नफ्याला अल्पमुदती ठरवते ते केवळ नफा मोजण्यापुरते. मालमत्ता प्रत्यक्षात दीर्घकाळ बाळगलेली असेल तर ५४ई सारखी सवलत नाकारता येत नाही. या निकालाच्या आधारे २४ लाख इमारतींच्या नफ्यासमोर आणि २६ लाख जमिनीच्या नफ्यासमोर धरले, तर बचत १० लाख ४५ हजारांची होते. अधिभार-उपकरासह एकूण कर सुमारे २७ लाख ८ हजार. एकरकमी विक्रीतल्या २९ लाख १२ हजारांहूनही हा कमी आहे.

याची दुसरी बाजू अशी की ५० लाख पाच वर्षे अडकतात, त्यांचे व्याज कमी असते आणि तेही करपात्र असते. यंत्रांवरच्या जीएसटीचा वैजयंतीताईंनी सांगितलेला भार वेगळाच.

एकरकमी विक्रीत जमिनीपुरती ५४ईसी मागता येईल का, याबद्दल माझे मत 'नाही' असे आहे, कारण जमिनीचा वेगळा नफा मोजायचा तर तिला वेगळी किंमत द्यावी लागेल आणि तसे केले की एकरकमी विक्रीचा पायाच निघून जातो.

तापीकाठचा_विनायक

आदरपूर्वक सांगतो, मला हे तितके निश्चित वाटत नाही. मुद्रांक शुल्कासाठी जमिनीचे मूल्य ठरवले तर ते किंमत वाटून देणे समजू नये, असे कायद्यातच लिहिले आहे. त्या मूल्याच्या आधाराने नफ्याचा जमिनीपुरता भाग दाखवता येईल, असा युक्तिवाद करायला जागा आहे. मात्र तो लढवायची तयारी असणाऱ्यानेच करावा, हेही मान्य.

चोपडेकर_जिनिंग

आम्हा दोघांची वये पाहता ५० लाख पाच वर्षे अडकवणे शक्य नाही. मुलीच्या घरासाठी रक्कम लागणार आहे. त्यामुळे एकरकमी विक्रीकडे आमचा कल आहे. पण आज एक अडचण उभी राहिली. खरेदीदारांच्या वकिलांनी कराराचा मसुदा पाठवला आहे. त्याच्या परिशिष्ट 'ब' मध्ये डबल रोलर जिन मशीन प्रत्येकी इतके, बेल प्रेस इतका, ह्युमिडिफायर इतका, वजनकाटा इतका, अशी किमतीसह यादी आहे आणि खाली बेरीज ७० लाख. शेवटी 'एकूण एकरकमी मोबदला २६० लाख' असेही लिहिले आहे. हे चालेल का?

सुलभाताई_धुळे

दादा, यावर सही करू नका. व्याख्येचा गाभाच असा आहे की मोबदला एकरकमी असावा आणि वेगवेगळ्या मालमत्तेला व देण्यांना किंमत दिलेली नसावी. शेवटी 'एकरकमी' हा शब्द लिहिला म्हणून परिशिष्टातल्या किमती पुसल्या जात नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दोन निकाल दिले, ते शेजारी ठेवून पाहावेत. आर्टेक्स मॅन्युफॅक्चरिंगच्या प्रकरणात उद्योग संपूर्ण विकला गेला होता, पण यंत्रांची किंमत मूल्यांकन करून ठरवली होती आणि ती एकूण मोबदल्यात ओळखता येत होती, म्हणून यंत्रांवरचा नफा वेगळा काढला गेला. इलेक्ट्रिक कंट्रोल गिअरच्या प्रकरणात तशी किंमत ओळखता येत नव्हती, म्हणून तसे झाले नाही. दोन्ही निकाल पन्नास-बी येण्यापूर्वीच्या कायद्यावरचे आहेत, पण अधिकारी आजही करारात हेच शोधतो: यंत्रांचा आकडा कोठे दिसतो का.

यादी ठेवायला हरकत नाही. यंत्राचे नाव, अनुक्रमांक आणि खरेदीचे वर्ष लिहा, किमतीचा रकाना काढून टाका. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे वेगळे होईलच आणि त्यात मूल्य लिहावेच लागेल. तेथे हे मूल्य केवळ मुद्रांक शुल्क व नोंदणीसाठी आहे आणि मोबदला मूळ व्यवसाय हस्तांतरण करारातल्या एकरकमी रकमेत समाविष्ट आहे, असे स्पष्ट वाक्य घाला. जमिनीपोटी वेगळा धनादेश घेऊ नका. खरेदीदाराला घसाऱ्यासाठी यंत्रांच्या किमती लागतीलच, पण ते वाटप त्याने नंतर स्वतःच्या मूल्यांकनावरून आपल्या पुस्तकात करावे, तुमच्या सहीच्या कागदावर नाही. ई-मेल आणि इसारपावतीही याच दृष्टीने तपासा, कारण चौकशीत तीही मागवली जातात.

नंदुरबारकर_मिरची

आमच्याकडे गेल्या वर्षी एका मिरची कांडप कारखान्याचा असाच व्यवहार झाला. त्यात कारखाना दोन हंगाम बंद होता, वीजजोडणी तोडलेली होती, कामगार निघून गेले होते, आणि करारात मात्र 'चालू व्यवसाय' लिहिले होते. जीएसटीच्या चौकशीत विचारले गेले की चालू काय होते. अजून प्रकरण सुटलेले नाही. चोपडेकरांची गिरणी चालू आहे, पण व्यवहार होईपर्यंत ती बंद पडू देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

वैजयंती_अमळनेर

अगदी बरोबर. हस्तांतरणाच्या दिवशी वीजबिल चालू असावे, कामगारांचा पगारपत्रक आणि पीएफचा भरणा असावा, हंगामातली खरेदी-विक्री दिसावी. आणखी एक गोष्ट खरेदीदाराच्या बाजूची: जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे हस्तांतरणापूर्वीच्या कराच्या थकबाकीला विक्रेता आणि खरेदीदार दोघेही जबाबदार राहतात. म्हणून चांगला सल्लागार असलेला खरेदीदार जुन्या रिटर्नची तपासणी मागेल किंवा मोबदल्याचा काही भाग मागे ठेवेल. दादांनी ते अविश्वासाने घेऊ नये. मागे ठेवलेली रक्कम मात्र एकूण मोबदल्यातून असावी, 'यंत्रांपोटी' किंवा 'साठ्यापोटी' असे म्हणून नव्हे.

चोपडेकर_जिनिंग

धाकट्या बंधूंनी आकडे पाहून एकरकमी विक्रीला संमती दिली. त्यांची एकच इच्छा आहे: रस्त्याकडेची अर्धा एकर मोकळी जागा आपल्याकडे ठेवावी. त्याने अडचण येईल का? आणि सौदा आज ठरला तरी ताबा दोन महिन्यांनी आहे. तोवर साठा ३० चा २० होईल किंवा ४५ होईल. किंमत त्याप्रमाणे बदलण्याचे कलम घातले तर साठ्याला वेगळी किंमत दिली असे होईल का?

सुलभाताई_धुळे

अर्ध्या एकराबद्दल: प्रत्येक वस्तू दिलीच पाहिजे असे बंधन नाही. जे दिले जाते ते स्वतःच्या बळावर चालणारा धंदा असले पाहिजे, एवढी अट आहे. मोकळी जागा गिरणीच्या कामात येत नसेल, वखार किंवा कपाशीच्या गाड्या लावण्यासाठी वापरात नसेल, तर ती ठेवायला हरकत दिसत नाही. ती नेटवर्थमधून आणि रेकनरच्या मूल्यातूनही वगळावी लागेल, म्हणजे वरचे आकडे पुन्हा काढावे लागतील. ज्या जागेतून गाड्या आत येतात ती ठेवलीत तर मात्र मी सही करणार नाही.

साठ्याच्या कलमाबद्दल: केवळ साठ्याचा दर लिहून फरक काढणे मी टाळते. त्याऐवजी येणी, साठा आणि व्यापारी देणी मिळून एकत्रित खेळते भांडवल एका ठरावीक पातळीच्या खालीवर गेले तर एकूण मोबदला बदलेल, असे कलम घालतात, आणि व्यवहारात ते चालते. यावर आमच्या व्यवसायात एकमत आहे असे मी म्हणणार नाही.

तापीकाठचा_विनायक

मी त्याहूनही सावध आहे. मी खरेदीदाराला ताबा हंगामाच्या अखेरीस घ्यायला सांगतो, जेव्हा गाठी उचलल्या गेलेल्या असतात आणि साठा नाममात्र असतो. मग फरकाचे कलम घालण्याची गरजच उरत नाही.

सुलभाताई_धुळे

विनायकभाऊंचा उपाय जिनिंगसाठी खरोखर चांगला आहे. नंदुरबारकर म्हणाले ते मात्र लक्षात ठेवून, हंगाम संपला तरी वीज आणि कायम कामगार चालू राहतील असे बघा.

दादा, व्यवहार झाल्यावर सीएकडून फॉर्म ३सीईए घ्यायला विसरू नका. नेटवर्थ कशी काढली याचा तो दाखला असतो आणि तो विवरणपत्राच्या मुदतीच्या महिनाभर आधी द्यावा लागतो. ऑडिट लागणाऱ्या संस्थेची मुदत ३१ ऑक्टोबर धरली तर ३० सप्टेंबरपर्यंत. अग्रिम कराचा हप्ताही सौद्याच्या तिमाहीपासूनच भरावा लागेल.

चोपडेकर_जिनिंग

सर्वांचे आभार. मसुदा परिशिष्टातला किमतीचा रकाना काढून परत पाठवतो आहे. खरेदीदारांचे वकील आता जमिनीच्या खरेदीखतावर एक टक्का टीडीएस कापायचा की नाही, असे विचारत आहेत. वेगळ्या विक्रीत तो कापला जातो हे मला ठाऊक आहे. एकरकमी मोबदल्यात जमिनीचा वाटाच ठरलेला नसताना तो कशावर कापणार?

सुलभाताई_धुळे

यावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले मी पाहिले आहे. मोबदला उद्योगाचा आहे, जमिनीचा नाही, म्हणून कापू नये, हे मला जास्त पटते. पण न कापल्याचा दोष खरेदीदारावर येतो, म्हणून त्यांचे वकील कापायलाच सांगतील. खरेदीखतातल्या १९० लाखांवर कापायचे ठरले तर १ लाख ९० हजार होतात. ते तुमच्या पॅनवर जमा होऊन विवरणपत्रात वळते होतील. ती रक्कम 'जमिनीचा मोबदला' म्हणून करारात मात्र लिहू देऊ नका.